फोटोतल्या पाटीवरून ट्रान्सफॉर्मरचे गणित: वेढ्यांचे गुणोत्तर, सेकंडरीचा प्रवाह आणि लॉस धरून कार्यक्षमता

ट्रान्सफॉर्मरच्या पाटीचा फोटो देऊन विचारलेल्या गणितात सूत्रे अवघड नसतात. तरीही उत्तरे चुकतात, कारण बहुतेक जण फोटोत दिसलेला पहिला आकडा उचलून सरळ सूत्रात घालतात. पाटीवरचा व्होल्टेज लाइनचा आहे की फेजचा, लॉस पूर्ण भाराचा आहे की शून्य भाराचा, प्रवाह कोणत्या बाजूचा, हे ठरवायच्या आधीच कॅल्क्युलेटर हातात आलेला असतो. म्हणून या लेखात एकच पाटी घेऊन ती शेवटपर्यंत सोडवली आहे. क्रम मोडू नका. प्रत्येक टप्प्यातला आकडा पुढच्या टप्प्यात लागतो, आणि चूक जिथे झाली तिथेच पकडता येते.

फोटोतली पाटी अशी आहे असे समजू:

```
kVA               100
PHASES            3
FREQUENCY         50 Hz
VOLTS AT NO LOAD  HV 11000   LV 433
AMPERES           HV 5.25    LV 133.3
VECTOR GROUP      Dyn11
% IMPEDANCE       4.5
NO LOAD LOSS      260 W
LOAD LOSS (75°C)  1760 W
```

प्रश्न असा: एलव्ही बाजूला प्रत्येक लाइनमध्ये ८० अँपिअर प्रवाह वाहतो आहे, भार तिन्ही फेजवर समतोल आहे आणि पॉवर फॅक्टर ०.८५ लॅगिंग आहे. वेढ्यांचे गुणोत्तर काढा, सेकंडरीचा पूर्ण भाराचा प्रवाह काढा आणि या भाराला कार्यक्षमता किती ते सांगा.

## टप्पा १: फोटो कागदावर उतरवा

फोटोकडे बघत गणित करू नका. आधी पाटीवरची प्रत्येक ओळ, एककासकट, कागदावर लिहा. जो अंक नीट दिसत नाही त्याच्याखाली रेघ मारा आणि दोन्ही शक्यता लिहून ठेवा. ठोकून उमटवलेल्या अंकांमध्ये ३ आणि ८, ६ आणि ८, १ आणि ७ यांची गल्लत हमखास होते. पाटीवर चकाकी असेल तर दशांश चिन्ह पूर्ण गायब होते आणि 5.25 चे 525 होते.

लिहिताना तीन गोष्टी वेगळ्या ओळीत ठेवा: फेज किती, जोडणी कोणती आणि लॉस कोणत्या परिस्थितीतला. या तीन ओळी लोक वाचत नाहीत, आणि गणिताचा निकाल यांच्यावरच ठरतो.

`Dyn11` या खुणेचा अर्थ एवढाच: मोठ्या लिपीतला D म्हणजे एचव्ही बाजू डेल्टामध्ये, लहान y म्हणजे एलव्ही बाजू स्टारमध्ये, n म्हणजे एलव्हीचा न्यूट्रल बाहेर काढलेला. शेवटचा 11 हा दोन्ही बाजूंच्या व्होल्टेजमधला कोन घड्याळाच्या काट्याच्या भाषेत सांगतो. त्याचा ११ केव्हीशी काही संबंध नाही आणि आपल्या तिन्ही उत्तरांत तो कुठेही लागत नाही.

इशारा: केव्हीए आणि केव्ही यांची अदलाबदल करू नका. तिरक्या फोटोत शेवटचा A कापला गेला की 100 kVA हे 100 kV वाटते. अशा वेळी अंकाकडे न बघता ओळीच्या नावाकडे बघा.

## टप्पा २: पाटीचा पाटीनेच ताळा घ्या

पाटीवर गरजेपेक्षा जास्त माहिती असते. केव्हीए आणि व्होल्टेज दिलेले असताना प्रवाह आपल्याला काढता येतो, तरीही तो छापलेला असतो. धूसर अंक सोडवायला ही पुनरावृत्ती फार कामाची आहे.

तीन फेजच्या ट्रान्सफॉर्मरसाठी १.७३२, लाइन व्होल्टेज आणि लाइन प्रवाह यांचा गुणाकार व्होल्ट-अँपिअरमध्ये क्षमता देतो. दोन्ही बाजूंनी करून बघा:

एचव्ही: १.७३२ × ११००० × ५.२५ = १,००,०२३ व्होल्ट-अँपिअर

एलव्ही: १.७३२ × ४३३ × १३३.३ = ९९,९६९ व्होल्ट-अँपिअर

दोन्ही बाजूंनी १०० केव्हीए आले. उरलेला फरक पाटीवर प्रवाह पूर्णांकित करून छापल्यामुळे आहे. आता समजा फोटोत 433 ऐवजी 488 वाचले असते. मग एलव्ही बाजूचा गुणाकार १,१२,६७० आला असता, म्हणजे १०० पासून १२ टक्क्यांहून जास्त दूर. एवढा फरक पूर्णांकनाने पडत नाही, अंक चुकीचा वाचला गेला आहे.

लॉसच्या आकड्यांचा मात्र असा नेमका ताळा घेता येत नाही. एक ढोबळ कसोटी आहे. लोड लॉसला व्होल्ट-अँपिअरने भागले की वाइंडिंगच्या रोधाची टक्केवारी मिळते: १७६० ÷ १,००,००० = १.७६ टक्के. ही टक्केवारी पाटीवरच्या इम्पिडन्सपेक्षा, इथे ४.५ पेक्षा, कमीच असायला हवी, कारण रोध हा इम्पिडन्सचाच एक भाग आहे. लोड लॉस चुकून 17600 वाचला असता तर रोध १७.६ टक्के आला असता आणि चूक लगेच दिसली असती. 1760 आणि 1780 यांतला फरक मात्र ही कसोटी पकडू शकत नाही. सुदैवाने तेवढ्या फरकाने पूर्ण भाराच्या कार्यक्षमतेत टक्क्याचा पन्नासावा भागच बदलतो.

पडताळा: दोन्ही बाजूंचे गुणाकार पाटीवरच्या केव्हीएच्या एक टक्क्याच्या आत आल्याशिवाय पुढे जाऊ नका. दोन्ही गुणाकार १.७३२ पट मोठे येत असतील तर ट्रान्सफॉर्मर एक फेजचा आहे आणि तुम्ही १.७३२ उगाच घातला आहे.

## टप्पा ३: वेढ्यांचे गुणोत्तर

सगळ्यात जास्त चुका मी या टप्प्यावर बघतो, म्हणून इथे थोडा वेळ थांबू.

सवयीचे उत्तर असे येते: ११००० ÷ ४३३ = २५.४. हा आकडा खोटा नाही. तो लाइन व्होल्टेजचे गुणोत्तर आहे. पण प्रश्न वेढ्यांचा आहे. वेढे लाइनमध्ये नसतात, वाइंडिंगमध्ये असतात. कोअरच्या एका पायावर एचव्हीची एक वाइंडिंग आणि एलव्हीची एक वाइंडिंग बसवलेली असते. त्या दोघींमधून एकच फ्लक्स जातो, म्हणून दर वेढ्यामागे दोन्हींत सारखाच व्होल्टेज निर्माण होतो. वेढ्यांचे गुणोत्तर म्हणजे एकाच पायावरच्या या दोन वाइंडिंगच्या व्होल्टेजचे गुणोत्तर. म्हणून आधी प्रत्येक वाइंडिंगला खरोखर किती व्होल्टेज मिळतो ते काढायचे.

एचव्ही बाजू डेल्टामध्ये आहे. डेल्टात प्रत्येक वाइंडिंग दोन लाइनच्या मध्ये थेट जोडलेली असते, म्हणून तिच्यावर पूर्ण ११००० व्होल्ट.

एलव्ही बाजू स्टारमध्ये आहे. स्टारमध्ये वाइंडिंग एक लाइन आणि न्यूट्रल यांच्या मध्ये असते, म्हणून तिच्यावर ४३३ ÷ १.७३२ = २५० व्होल्ट.

वेढ्यांचे गुणोत्तर = ११००० ÷ २५० = ४४

म्हणजे एलव्हीच्या एका वेढ्यामागे एचव्हीचे ४४ वेढे. उत्तर लिहिताना दिशा लिहायला विसरू नका. काही पुस्तकांत गुणोत्तर सेकंडरी भागिले प्रायमरी असे धरतात, तेव्हा हेच उत्तर १ ÷ ४४, म्हणजे ०.०२२७ होते. नुसते "४४" लिहिले की तपासणाऱ्याला तुमची व्याख्या कळत नाही. "एचव्ही : एलव्ही = ४४ : १" असे लिहिले की प्रश्नच उरत नाही.

दुसरी जोडणी असेल तर विचार हाच, फक्त १.७३२ ने कोणत्या बाजूला भागायचे ते बदलते. दोन्ही बाजू स्टार किंवा दोन्ही बाजू डेल्टा असतील तर लाइन व्होल्टेजचे गुणोत्तर आणि वेढ्यांचे गुणोत्तर एकच येते. एचव्ही स्टार आणि एलव्ही डेल्टा असेल तर एचव्हीच्या व्होल्टेजला भागायचे. एक फेजच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये भागाकाराची भानगडच नाही, पाटीवरचे दोन व्होल्टेज थेट वापरायचे.

इशारा, टॅपबद्दल: पाटीवर टॅपचा तक्ता असेल तर त्याची पहिली ओळ उचलू नका. अडीच टक्क्यांच्या पायऱ्यांच्या पाच टॅपमध्ये एचव्हीचे व्होल्टेज ११५५०, ११२७५, ११०००, १०७२५ आणि १०४५० असे येतात, आणि पहिली ओळ सहसा सर्वांत मोठ्या व्होल्टेजची असते. टॅप बदलला की एचव्हीचे वेढेच बदलतात: ११५५० च्या टॅपवर गुणोत्तर ४६.२, तर १०४५० च्या टॅपवर ४१.८. प्रश्नात टॅप सांगितला नसेल तर रेटेड व्होल्टेजची, म्हणजे इथे ११००० ची ओळ घ्या आणि उत्तरात तसे लिहा.

हे गुणोत्तर पाटीवरच्या व्होल्टेजवरून का काढता येते, याचे उत्तर पाटीवरच आहे. `VOLTS AT NO LOAD` हे शब्द बघा. ४३३ व्होल्ट हा सेकंडरी उघडी असतानाचा आकडा आहे. भार आला की वाइंडिंगमध्ये व्होल्टेज पडतो आणि टर्मिनलवर ४३३ मिळत नाही. प्रश्नात भार असतानाचा मोजलेला व्होल्टेज दिला असेल, तर त्यावरून वेढ्यांचे गुणोत्तर काढू नका, ते थोडे जास्त येईल.

## टप्पा ४: सेकंडरीचा प्रवाह

पूर्ण भाराचा लाइन प्रवाह:

१,००,००० ÷ (१.७३२ × ४३३) = १३३.३ अँपिअर

स्टारमध्ये लाइनचा प्रवाह आणि वाइंडिंगचा प्रवाह एकच असतो, म्हणून एलव्ही वाइंडिंगमध्येही १३३.३ अँपिअरच वाहतो. पाटीवरही हाच आकडा आहे. प्रश्नात "काढा" म्हटले असेल तर पाटीवरून नुसता उतरवू नका, ही ओळ करून दाखवा.

आता एक सापळा. तीन फेज लक्षात न घेता कोणी १,००,००० ÷ ४३३ केले तर २३१ अँपिअर येतात. शंका आली म्हणून तो प्रायमरीच्या बाजूने करून बघतो: पाटीवरचे ५.२५ अँपिअर गुणिले वेढ्यांचे गुणोत्तर ४४, उत्तर पुन्हा २३१. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला म्हणून त्याची खात्री पटते, आणि दोन्ही वाटा चुकीच्या असतात. पहिलीत १.७३२ ने भागायचे राहिले. दुसरीत लाइनचा प्रवाह वाइंडिंगचा समजून वेढ्यांच्या गुणोत्तराने गुणला. दोन्ही चुका नेमक्या १.७३२ पट असल्यामुळे त्या एकमेकींना दुजोरा देतात. इथे पाटीवरचा 133.3 हा आकडा बघितला तरच सुटका होते.

बरोबर ताळा असा घ्या. डेल्टामध्ये वाइंडिंगचा प्रवाह लाइनच्या प्रवाहापेक्षा १.७३२ पटीने कमी असतो:

एचव्ही वाइंडिंगचा प्रवाह = ५.२५ ÷ १.७३२ = ३.०३ अँपिअर

१३३.३ ÷ ३.०३ = ४४

वाइंडिंगच्या प्रवाहांचे गुणोत्तर वेढ्यांच्या गुणोत्तराइतके आले. याचा अर्थ टप्पा ३ आणि टप्पा ४ दोन्ही एकाच वेळी तपासून झाले.

पडताळा: व्होल्टेज वाइंडिंगचा घेतला असेल तर प्रवाहही वाइंडिंगचाच घ्या. लाइनचा व्होल्टेज घेतला असेल तर प्रवाहही लाइनचा. एकाच ओळीत दोन्ही मिसळले की १.७३२ ची चूक ठरलेली.

प्रश्नातला ८० अँपिअर हा पूर्ण भाराचा प्रवाह नाही, सध्या वाहणारा प्रवाह आहे. पूर्ण भाराच्या तुलनेत तो किती, हा आकडा पुढच्या टप्प्याला लागणार आहे:

भाराचे प्रमाण = ८० ÷ १३३.३ = ०.६

## टप्पा ५: लॉस वेगळे करा, मगच बेरीज करा

पाटीवरचे दोन लॉस दोन वेगळ्या कारणांचे आहेत, आणि भार बदलला की ते वेगळे वागतात.

`NO LOAD LOSS`, म्हणजे २६० वॅट, कोअरमध्ये होतो. फ्लक्स दर सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होतो, त्यात लोखंड तापते. फ्लक्स व्होल्टेज आणि फ्रीक्वेन्सी यांवर ठरतो, भारावर नाही. म्हणून पुरवठा चालू आहे तोवर हा लॉस जवळपास तेवढाच राहतो, मग सेकंडरीला ८० अँपिअर असो वा काहीच नसो.

`LOAD LOSS`, म्हणजे १७६० वॅट, मुख्यतः वाइंडिंगच्या रोधात होतो. तो प्रवाहाच्या वर्गाबरोबर बदलतो. पाटीवर छापलेला आकडा पूर्ण भाराचा, म्हणजे एलव्हीला १३३.३ अँपिअर वाहत असतानाचा आहे. आपला भार ०.६ आहे, म्हणून:

कॉपर लॉस = ०.६ × ०.६ × १७६० = ०.३६ × १७६० = ६३३.६ वॅट

कोअर लॉस = २६० वॅट

एकूण लॉस = ८९३.६ वॅट

चुका साधारण याच ठिकाणी होतात. कोणी ०.६ ने गुणतो, वर्ग विसरतो. कोणी दोन्ही लॉसची बेरीज २०२० वॅट करून मग ०.३६ ने गुणतो, म्हणजे कोअर लॉसही भाराबरोबर कमी करून टाकतो. तीन फेज बघून कोणी सगळ्याला ३ ने गुणतो. पाटीवरचा लॉस संपूर्ण ट्रान्सफॉर्मरचा असतो, तिन्ही फेज त्यात आल्या आहेत, म्हणून ३ ने गुणायचे नाही.

इशारा, तापमानाबद्दल: लोड लॉसपुढे 75°C असे लिहिलेले आहे, कारण गरम तांब्याचा रोध जास्त असतो. प्रश्नात थंड वाइंडिंगवर, समजा ३० अंशांना, मोजलेला शॉर्ट सर्किट चाचणीचा लॉस दिला असेल, तर तो पाटीवरच्या आकड्यापेक्षा कमी दिसेल. तांब्याचा रोध ३० पासून ७५ अंशांपर्यंत सुमारे १.१७ पट वाढतो. दोन्ही आकडे एका गणितात मिसळू नका. प्रश्नाने तापमानाचा उल्लेख केला नसेल तर पाटीवरचा आकडा जसाच्या तसा वापरा.

### पाटीवर लॉस वेगळ्या पद्धतीने दिले असतील तर

काही पाट्यांवर नो लोड आणि लोड असे दोन लॉस नसतात. त्याऐवजी ५० टक्के भाराला एकूण लॉस आणि १०० टक्के भाराला एकूण लॉस असे दोन आकडे असतात. हे बघून अनेक जण पहिल्याला कोअर लॉस आणि दुसऱ्याला कॉपर लॉस समजतात. तसे नाही, दोन्ही आकड्यांत दोन्ही लॉस मिसळलेले आहेत. समजा अशा पाटीवर ५० टक्क्यांना ५०० वॅट आणि १०० टक्क्यांना १७०० वॅट दिले आहेत.

५० टक्के भाराला कॉपर लॉस पूर्ण भाराच्या पाव पट असतो आणि कोअर लॉस तेवढाच राहतो. म्हणून दोन आकड्यांतला फरक म्हणजे कॉपर लॉसचा पाऊण भाग:

पूर्ण भाराचा कॉपर लॉस = (१७०० − ५००) × ४ ÷ ३ = १६०० वॅट

कोअर लॉस = १७०० − १६०० = १०० वॅट

ताळा: ५० टक्के भाराला १०० + १६०० ÷ ४ = ५०० वॅट. जुळले. इथून पुढे टप्पा ५ चे बाकीचे काम नेहमीसारखे. पण ओळीवर "कमाल" अशा अर्थाचा शब्द आहे का ते बघा. असेल तर ते मर्यादेचे आकडे आहेत, मोजलेले नव्हेत, आणि त्यावरून आलेली कार्यक्षमता ही किमान एवढी तरी असेल अशी वाचायची.

पाटीवर पूर्ण भाराचा एकूण लॉस एवढा एकच आकडा असेल, तर त्यातून कोअर आणि कॉपर वेगळे काढता येत नाहीत. मग फक्त पूर्ण भाराची कार्यक्षमता निघेल. अपूर्ण भाराची विचारली असेल तर आणखी एक आकडा प्रश्नात कुठेतरी दिलेला असणार, तो शोधा.

## टप्पा ६: कार्यक्षमता

आता बाहेर पडणारी शक्ती काढायची, आणि ती वॅटमध्ये. ट्रान्सफॉर्मरची क्षमता केव्हीएमध्ये असते, पण लॉस वॅटमध्ये असतो, आणि भागाकारात वर-खाली एकच एकक लागते. केव्हीएपासून वॅटकडे नेणारा दुवा म्हणजे पॉवर फॅक्टर.

बाहेरची शक्ती = ०.६ × १,००,००० × ०.८५ = ५१,००० वॅट

आत येणारी शक्ती = ५१,००० + ८९३.६ = ५१,८९३.६ वॅट

कार्यक्षमता = ५१,००० ÷ ५१,८९३.६ = ०.९८२८, म्हणजे ९८.२८ टक्के

ट्रान्सफॉर्मरची कार्यक्षमता शंभराच्या इतकी जवळ असते की दशांशाच्या दुसऱ्या स्थानापर्यंत नेल्याशिवाय चूक आणि बरोबर यांतला फरकच दिसत नाही. म्हणून मी उलट बाजूने करतो. आधी लॉसची टक्केवारी काढायची: ८९३.६ ÷ ५१,८९३.६ = १.७२ टक्के. ती १०० मधून वजा केली की ९८.२८. मधल्या पायऱ्यांत पूर्णांकन थोडे ढिले झाले तरी उत्तर टिकते.

वरच्या चुका केल्या असत्या तर काय आले असते, ते या एकाच गणितात बघा. उत्तर चुकले असेल तर आकड्यावरून चूक ओळखता येते.

| काय चुकले | आलेले उत्तर |
|---|---|
| कॉपर लॉस पूर्ण भाराचाच घेतला | ९६.१९ टक्के |
| कॉपर लॉस वर्ग न करता ०.६ ने गुणला | ९७.४८ टक्के |
| पॉवर फॅक्टर विसरला | ९८.५३ टक्के |
| कोअर लॉस विसरला | ९८.७७ टक्के |

पॉवर फॅक्टर विसरल्याने आणि कोअर लॉस विसरल्याने उत्तर वाढते. ही दोन उत्तरे जास्त धोक्याची, कारण ती दिसायला चांगली असतात आणि कोणी मागे वळून बघत नाही.

पडताळा: आलेले उत्तर दोन सीमांच्या मध्ये बसते का ते बघा. कोअर लॉस आणि कॉपर लॉस सारखे होतात त्या भाराला कार्यक्षमता सर्वांत जास्त असते. तो भार २६० ÷ १७६० च्या वर्गमुळाइतका, म्हणजे ०.३८४. तिथे दोन्ही लॉस २६० वॅट, एकूण ५२०, आणि ०.८५ पॉवर फॅक्टरला बाहेरची शक्ती ३२,६७० वॅट, म्हणून कार्यक्षमता ९८.४३ टक्के. पूर्ण भाराला याच पॉवर फॅक्टरने बाहेरची शक्ती ८५,००० आणि लॉस २०२०, म्हणून ९७.६८ टक्के. आपला भार ०.६, म्हणजे ०.३८४ आणि १ यांच्या मध्ये. तेव्हा उत्तर ९७.६८ आणि ९८.४३ यांच्या मध्येच पडायला हवे. ९८.२८ तिथे बसते. तक्त्यातली चारही चुकीची उत्तरे या पट्ट्याच्या बाहेर आहेत.

भार ०.३८४ पेक्षा कमी असेल तर हा पट्टा चालत नाही. शून्य भाराकडे जाताना कार्यक्षमता शून्यापर्यंत घसरते, कारण बाहेर काहीच जात नसते आणि कोअर मात्र २६० वॅट खातच असतो.

## टप्पा ७: ४३३ व्होल्ट धरून केलेले गणित कितपत खरे

वरच्या गणितात ८० अँपिअरला ०.६ गुणिले १०० केव्हीए अशी क्षमता धरली. याचा अर्थ भार असतानाही एलव्हीला ४३३ व्होल्टच मिळतात असे मानले. परीक्षेच्या गणितात हे चालते आणि तेच अपेक्षित असते. पण प्रश्नात "टर्मिनलवरचा प्रत्यक्ष व्होल्टेज धरून" असे आले तर पाटीवरच्या इम्पिडन्सचा उपयोग करावा लागतो.

रोध १.७६ टक्के हे टप्पा २ मध्ये काढले. इम्पिडन्स ४.५ टक्के. त्यावरून रिअॅक्टन्स म्हणजे ४.५ च्या वर्गातून १.७६ चा वर्ग वजा करून घेतलेले वर्गमूळ, ४.१४ टक्के. पॉवर फॅक्टर ०.८५ असताना कोनाचा साइन ०.५२७.

व्होल्टेजची घट = ०.६ × (१.७६ × ०.८५ + ४.१४ × ०.५२७) = २.२ टक्के

म्हणजे टर्मिनलवर ४३३ ऐवजी सुमारे ४२३.४ व्होल्ट. याच ८० अँपिअरला बाहेरची शक्ती ५१,००० ऐवजी सुमारे ४९,८७० वॅट होते. लॉस प्रवाहावर ठरतो, म्हणून तो ८९३.६ वॅटच राहतो. कार्यक्षमता ९८.२४ टक्के येते. फरक टक्क्याच्या चार शतांशांचा आहे. तो मोठा नाही, पण दोन पद्धतींचे आकडे एकाच उत्तरात मिसळले, म्हणजे शक्ती ४२३ व्होल्टने काढली आणि भाराचे प्रमाण त्याच व्होल्टेजवरच्या केव्हीएने काढले, तर कॉपर लॉसही कमी दिसतो आणि उत्तर कोणत्याच पद्धतीचे राहत नाही. भाराचे प्रमाण नेहमी प्रवाहावरून काढा: ८० ÷ १३३.३. कॉपर लॉसला प्रवाहच कळतो, केव्हीए नाही.

इथे पॉवर फॅक्टर लॅगिंग आहे म्हणून कंसात अधिक चिन्ह आले. लीडिंग असता तर रिअॅक्टन्सच्या पदापुढे वजा येते, आणि याच आकड्यांना ०.६ × (१.५० − २.१८), म्हणजे घट उणे ०.४ टक्के मिळते. उणे घट म्हणजे टर्मिनलवरचा व्होल्टेज ४३३ पेक्षा किंचित जास्त, सुमारे ४३४.८. असे उत्तर आले की लोक चिन्ह चुकले समजून खोडतात. पॉवर फॅक्टर लीडिंग दिला आहे हे प्रश्नात पुन्हा एकदा वाचा आणि उत्तर तसेच ठेवा.